‘शब्दच नाहीत!’ च्या जागी काय लिहावं?

हरिश्चंद्रगडावरच्या केदारेश्वराच्या गुहेचा फोटो मी मित्रांना पाठवला, तेव्हा खाली लिहिलं होतं: ‘अद्भुत! स्वर्गीय अनुभव. शब्दच नाहीत. एकदा तरी जाच!’ लगेच प्रश्न आले. पाण्यात उतरता येतं का? कुठून गेलात? शब्द नव्हते म्हणणाऱ्या मला मग अर्धा तास टाइप करत बसावं लागलं. ती ओळ पुन्हा कशी लिहिली, ते सांगतो.

आधी प्रत्येक विशेषणाला विचारा, ‘कशामुळे?’ अद्भुत कशामुळे वाटलं? लिंगाभोवती चार खांब होते, त्यातला एकच शाबूत आहे, तरी छत जागेवर आहे. आणि स्वर्गीय? खरं सांगायचं तर पाणी कमरेएवढं आणि इतकं गार, की प्रदक्षिणा घालताना पाय बधिर झाले. उत्तर मिळालं की तेच लिहायचं आणि विशेषण खोडायचं. ज्याला उत्तरच मिळत नाही, ते विशेषण तसंही जाऊ द्या.

मग फोटोत जे दिसत नाही ते शोधा. लिंग आणि पाणी दिसतंच आहे, ते पुन्हा सांगण्यात जागा वाया जाते. महिना मात्र दिसत नाही. मी डिसेंबरात गेलो होतो. पावसाळ्यात गुहेपुढून ओढा वाहतो आणि आत जाणं अवघड होतं. महिना न लिहिता माझा फोटो कुणी जुलैत पाहिला तर त्याची फसगत होईल. वाट आणि वेळही लिहा, पण ‘जवळच’, ‘सोपी वाट’ असं नको. ट्रेकरची सोपी वाट म्हणजे बाकीच्यांचा घाम.

ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच लिहायची. चार खांब म्हणजे चार युगं, शेवटचा पडला की कलियुग संपणार, असं सांगतात. घ्यायचं असेल तर ‘असं सांगतात’ सकट घ्या. मी गाळलं, कारण ओळी वाढत होत्या.

शेवटी क्रम लावा. फोनवर पहिली ओळ-दीड ओळच दिसते, तेव्हा जागेचं नाव आधी. झालं ते असं:

‘केदारेश्वराची गुहा, हरिश्चंद्रगड, डिसेंबर. चार खांबांपैकी एकच शाबूत. लिंगाभोवती कमरेएवढं, पाय बधिर करणारं गार पाणी. प्रदक्षिणा घालायची तर कोरडे कपडे न्या. पावसाळ्यात आत जाणं अवघड. पाचनईकडून थांबत थांबत आम्हाला अडीच तास लागले.’

हे मावशीला वाचून दाखवलं, तर तिचा प्रश्न तयार: ‘माझ्या गुडघ्यांना झेपेल का रे?’ मग आणखी एक वाक्य जोडलं: ‘वाटेत एके ठिकाणी रेलिंग धरून कातळावरून जावं लागतं.’