रिफॅम्पिसिनच्या प्लेटवरची कॉलनी : एमएस्सी प्रोजेक्टला बसण्यापूर्वी

नाशिकमध्ये मायक्रोबायोलॉजीच्या प्रोजेक्टसाठी रिफॅम्पिसिन निवडलं की पहिला विचार टीबीचाच येतो. तो जंतू कॉलेजच्या लॅबमध्ये आणायचा नाही. साधा ई. कोलाय के-१२ पुरतो, कारण औषध दोघांतही त्याच जागी अडकतं.

ती जागा म्हणजे आरएनए पॉलिमरेजच्या बीटा साखळीतली एक खाच, नव्या आरएनएच्या वाटेवरच. रिफॅम्पिसिन तिथे बसलं की एन्झाइम दोन-तीन न्यूक्लिओटाइड जोडतं आणि आरएनएला पुढे सरकायला वाट उरत नाही. खाचेतलं एक अमिनो आम्ल बदललं तर औषध नीट बसत नाही, पण एन्झाइमचं काम चालू राहतं. ही साखळी घडवणारा जीन एकच, आरपीओबी. म्हणून एका अक्षराचा बदलही पुरतो.

औषध डीएमएसओमध्ये मिलिलीटरला ५० मिलिग्रॅम असं विरघळवा. अर्धा लिटर अगारला त्यातलं १ मिलिलीटर घातलं की प्रमाण मिलिलीटरला १०० मायक्रोग्रॅम होतं. अगार ५०-५५ अंशांवर आल्यावरच औषध घाला. डिसेंबरात इथल्या थंडीत बाटली हातातच घट्ट होऊ लागते, म्हणून वॉटर बाथ जवळ ठेवा. प्लेटा फॉइलमध्ये गुंडाळा, उजेडात औषध खराब होतं. औषध न टाकलेली आणि जंतू न टाकलेली अशी एकेक प्लेट ठेवाच.

रात्रभर वाढलेल्या कल्चरमध्ये मिलिलीटरला साधारण दोनशे कोटी पेशी असतात. एक मिलिलीटर सेंट्रिफ्यूज करून तळाचा गाळ ०.१ मिलिलीटरमध्ये घ्या आणि सगळा पसरा. प्रतिरोधक पेशी ढोबळमानाने दहा कोटींत एक असते, त्यामुळे ३७ अंशांवर एक-दोन दिवसांत वीसेक कॉलन्या येतील. पूर्ण लॉन आलं तर औषध कमी पडलंय किंवा खराब झालंय. एका नळीत पाच आणि दुसरीत दोनशे आल्या तर मात्र घाबरू नका. दुसरीत म्युटेशन वाढीच्या सुरुवातीलाच झालं आणि त्या पेशीची पिलावळ मोजली गेली. म्हणूनच सरासरीवर विसंबू नये. दहा-बारा नळ्या प्रत्येकी हजारभर पेशींनी सुरू करा, आणि सिक्वेन्सिंगसाठी एका नळीतून एकच कॉलनी घ्या. नाहीतर एकच म्युटेशन पुन्हा पुन्हा वाचत बसाल.

पीसीआरचा तुकडा असा घ्या की कोडॉन ५०७ ते ५७२ त्यात येतील. समजा ५३१ वर TCC चं TTC दिसलं, तर सेरीनऐवजी फिनाइलॲलनिन आलं. टीबीच्या जंतूत त्याच जागी कोडॉन TCG आहे, म्हणून तसाच बदल TTG देतो, म्हणजे ल्युसीन. पेपरांत तो ५३१ किंवा ४५० अशा दोन क्रमांकांनी येतो, जागा तीच.

क्रोमॅटोग्रामवर एकाच जागी दोन शिखरं आली तर कॉलनी मिसळलेली आहे. ती पुन्हा स्ट्रीक करा. आणि शिखरं स्वच्छ असूनही बदल सापडला नाही, तर कोडॉन १४६ च्या आसपासचा तुकडा वाचा.