'बसलेली', 'मेलेला', 'बंद केलेलं': एस्तार मला मराठीतून कळलं

स्पॅनिशमध्ये 'असणं' या अर्थाची दोन क्रियापदं आहेत, सेर आणि एस्तार. वर्गात पहिल्याच महिन्यात नियम मिळाला: कायमचं असेल तर सेर, तात्पुरतं असेल तर एस्तार. मी तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला. पुढे कुटुंबावर परिच्छेद लिहायचा होता. आजोबा वारले आहेत हे सांगायला मी लिहिलं, "मि आबुएलो एस मुएर्तो". बाईंनी सेरच्या 'एस'खाली रेघ मारली आणि वर एस्तारचं 'एस्ता' लिहिलं. मरणाहून कायमचं काय असतं? उलट, आजी तेव्हा तरुण होती, हे वाक्य 'एरा होवेन' असं सेरनेच लिहिलं होतं आणि ते बरोबर होतं. तारुण्य तर जातंच.

तो नियम मी सोडला. त्याच्या जागी जे हाती लागलं ते नव्याने शिकणाऱ्या मराठी माणसाच्या उपयोगाचं आहे, कारण ते आपल्या तोंडात आधीच आहे.

एस्तार हे लॅटिन 'स्तारे'वरून आलं, म्हणजे उभं असणं. संस्कृतमधला 'स्था' धातू याच मुळाचा. स्थिती, अवस्था, स्थळ हे शब्द त्याचेच. एखादी गोष्ट बदलून ज्या अवस्थेत येऊन थांबली आहे, ती एस्तार सांगतं. ती अवस्था दोन मिनिटं टिकेल की कायमची, हे ते विचारत नाही. आजोबा जिवंत होते, मग वारले. आता ते त्या अवस्थेत आहेत. म्हणून एस्ता मुएर्तो.

मराठीत बदलानंतरची अवस्था सांगायला 'लेला' हा प्रत्यय आहे. वाक्यात 'लेला आहे' बसत असेल, तर शंभरात नव्वद वेळा एस्तार येतं असं मी धरून चालते. बाई खुर्चीत बसलेली आहे: एस्ता सेन्तादा. मूल झोपलेलं आहे: एस्ता दोर्मिदो. इथे आपल्याकडची मुलं हमखास चुकतात, कारण ती वाक्य आधी मनात इंग्रजीत करतात. 'शी इज सिटिंग' म्हटलं की 'एस्ता सेन्तान्दो' लिहावंसं वाटतं. मराठीत 'बसतेय' आणि 'बसली आहे' यांत आपण कधी गोंधळतो का? खाली टेकायची क्रिया चालू असेल तर 'से एस्ता सेन्तान्दो', टेकून झाली असेल तर 'एस्ता सेन्तादा'. त्यामुळे मधली इंग्रजीची पायरी काढून टाका. थेट मराठी वाक्य म्हणा.

सेरसोबतही असंच क्रियापदाचं रूप येतं, पण तेव्हा अर्थ घटनेचा होतो. 'ला तिएन्दा फुए सेर्रादा पोर ला पोलिसिआ' म्हणजे पोलिसांकडून दुकान बंद करण्यात आलं. हे बातमीचं वाक्य आहे आणि त्याला करणारा आहे. 'ला तिएन्दा एस्ता सेर्रादा' म्हणजे दुकान बंद आहे. कुणी केलं, कधी केलं, याच्याशी देणंघेणं नाही. 'करण्यात आलं' बसलं तर सेर, 'केलेलं आहे' बसलं तर एस्तार. (जागेबद्दल एकच लक्षात ठेवा: वस्तू आणि माणसं कुठे आहेत हे एस्तारने सांगतात, पण समारंभ किंवा मीटिंग कुठे होणार आहे हे सेरने.)

ही युक्ती जिथे अपुरी पडते तिथे भाषेची खरी गंमत आहे. टक्कल पडलेल्या माणसाला 'एस काल्वो' म्हणतात. केस तर गेलेलेच आहेत, मग सेर का? कारण इथे त्याची ओळख सांगायची आहे: उंच, चष्मा लावणारा, टकला, तोच तो. पण त्याला दहा वर्षांनी भेटलेला मित्र 'एस्ता काल्वो' म्हणेल, कारण त्याच्या डोळ्यासमोर आधीचे केस आहेत. माणूस एकच, बोलणारा त्याच्या आधीच्या रूपाशी तुलना करतोय की नाही, एवढाच फरक. लग्नाचंही तसंच: 'एस कासादो' आणि 'एस्ता कासादो' दोन्ही चालतात, पण कुणाशी लग्न झालंय हे सांगायचं असेल तर एस्तार घ्या.

नोकरीचं वेगळं आहे. डॉक्टर जन्मतः कुणी नसतं, तरी 'एस मेदिका' असंच म्हणतात, कारण शिकून ती डॉक्टरांमधली एक झाली. अवस्थेत येणं वेगळं, अमुकांपैकी एक होणं वेगळं. दोन्ही एका वाक्यात पाहायचं असेल तर हे घ्या: इंजिनिअर झालेली, मनासारखी नोकरी मिळेपर्यंत हॉटेलात वेटरचं काम करणारी मुलगी. 'एस इन्हेनिएरा, पेरो एस्ता दे कामारेरा.' इथलं 'दे' विसरू नका. तेच सांगतं की वेटरचं काम ती सध्यापुरतं करतेय.