स्टेप-अप एसआयपीचा शेवटचा आकडा स्वतः कसा काढावा

माझी भाची बडोद्यात मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात नोकरी करते. दरमहा ५,००० रुपयांची एसआयपी, दरवर्षी हप्ता १० टक्क्यांनी वाढवायचा, मुदत १५ वर्षे आणि परतावा १२ टक्के धरायचा, असा तिचा बेत. तिने मला विचारलं, "मामा, एक कॅल्क्युलेटर ४१.३७ लाख दाखवतो, दुसरा ४३.४२ लाख. खरा कुठला?"

फरक महिन्याच्या दरात आहे. दुसरा कॅल्क्युलेटर १२ ला १२ ने भागून दरमहा १ टक्का धरतो. पण महिन्याला १ टक्का चक्रवाढीने वर्षाचे १२ नव्हे, तर १२.६८ टक्के होतात. फंडाचा परतावा वार्षिक चक्रवाढीने सांगितला जातो, म्हणून बारा महिन्यांनी बरोबर १२ टक्के होतील असाच मासिक दर घ्यायला हवा. तो येतो सुमारे ०.९४९ टक्के. म्हणून मी ४१.३७ लाखच धरतो.

आता हिशोब मांडू. एका वर्षात हप्ता बदलत नाही, त्यामुळे आधी फक्त पहिलं वर्ष बघा. महिन्याच्या सुरुवातीला भरलेले ५,००० चे बारा हप्ते वर्षअखेर ६३,८३२ रुपये होतात. दुसऱ्या वर्षी हप्ता ५,५००, म्हणजे त्या वर्षाची भर १० टक्क्यांनी जास्त, ७०,२१६ रुपये. त्यात आधीचे ६३,८३२ बारा टक्क्यांनी वाढून ७१,४९२ झालेले असतात, ते मिळवले की १,४१,७०८. तिसऱ्या वर्षअखेर याच रीतीने २,३५,९५० येतात. पंधरा वेळा हेच करायचं. तितका वेळ नसेल तर शीटमध्ये B1 ते B4 मध्ये अनुक्रमे हप्ता 5000, वार्षिक वाढ 10%, परतावा 12% आणि वर्षे 15 भरा आणि खाली हे लिहा:

```
B5: =(1+B3)^(1/12)-1
B6: =FV(B5,12,-B1,0,1)
B7: =B6*((1+B3)^B4-(1+B2)^B4)/(B3-B2)
```

B5 हा मासिक दर, B6 पहिल्या वर्षाची जमा आणि B7 शेवटची रक्कम. FV मधला शेवटचा 1 विसरू नका. तो नसला तर हप्ते महिन्याच्या अखेरीस भरले असं धरलं जातं आणि रक्कम कमी दिसते.

बरोबर जमलं का, हे ओळखायची सोपी खूण आहे. B4 मध्ये 1 घाला. B7 आणि B6 एकच आले पाहिजेत. उत्तर ७०,२१६ आलं, तर वाढ तेराव्या महिन्याऐवजी पहिल्याच महिन्यापासून लागली आहे. ही चूक फार जणांकडून होते आणि पंधरा वर्षांचा आकडा सरळ १० टक्क्यांनी फुगतो.

परतावा आणि वाढ दोन्ही १० टक्के घातलेत तर शीट #DIV/0! दाखवेल, कारण भागायला शून्य उरतं. त्या वेळी B7 असा लिहा:

```
=B6*B4*(1+B3)^(B4-1)
```

भाचीच्या हप्त्याला १० टक्के परतावा मिळाला, तर यातून सुमारे ३६ लाख येतात. म्हणजे परताव्यात दोन टक्के कमी पडले की पाच लाखांहून जास्त फरक. बारा टक्के हा आपण धरलेला अंदाज आहे, फंडाने दिलेलं वचन नव्हे. म्हणून दोन-तीन दर घालून बघाच.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट कॅल्क्युलेटर एका ओळीत दडवून टाकतो. ४१.३७ लाखांत भाचीने स्वतः भरलेले १९.०६ लाख आहेत, आणि त्यातले तब्बल ९.५० लाख शेवटच्या पाच वर्षांत जातात. त्या निम्म्या पैशाला वाढायला वेळच फार थोडा मिळतो. उलट पहिल्या महिन्यापासून ८,६९३ रुपये न वाढवता भरले, तरी पंधरा वर्षांनी तेवढीच रक्कम होते, आणि खिशातून ३.४ लाख कमी जातात. तेव्हा आज जास्त भरणं झेपत असेल तर स्टेप-अपची वाट बघू नका. झेपत नसेल, तरच स्टेप-अप कामाचा.

वाढीचा दर ठरवताना पगाराकडे बघा. पंधराव्या वर्षी हप्ता १८,९८७ रुपये होतो. कारखान्यात दरसाल मिळणारी वाढ ७ टक्क्यांच्या आसपास असेल, तर हप्ता पगारापेक्षा वेगाने पळेल आणि मध्येच एसआयपी थांबवायची वेळ येईल. अशा वेळी B2 मध्ये 7% घाला. परतावा १२ टक्केच धरला तर सुमारे ३४.६६ लाख दिसतील, आणि शेवटचा हप्ता १२,८९३ रुपयांवर थांबेल.