शाळेत शॉर्ट फिल्म करायचीय? पत्रात वेळापत्रक असं मांडा

मुख्याध्यापकांना लिहिताना ‘चित्रीकरणाची परवानगी द्यावी’ एवढ्यावर थांबू नका. कुठली जागा, किती वाजता, कोण जबाबदार, हे न लिहिल्यामुळेच पत्र टेबलावर पडून राहतं. कथा दोन ओळींत सांगा आणि जागा वेळापत्रकात मांडा:

‘शनिवार, दु. 2 ते 3:15 : ग्रंथालयाबाहेरचा व्हरांडा, 5 विद्यार्थी. 3:15 ते 4:30 : आठवीचा वर्ग, 7 विद्यार्थी. सोबत मराठीच्या बाई. पाऊस आल्यास पुढचा शनिवार.’

शाळा सुटल्यानंतरची वेळ मागा. मधल्या सुट्टीत संवाद नीट रेकॉर्डच होत नाहीत. पण आपल्या गोव्यात एक गोष्ट हमखास विसरली जाते: बालरथ. मुलं थांबली की बस निघून जाते. म्हणून ‘बालरथाने येणाऱ्या तिघांना पालक 4:30 वाजता न्यायला येतील, संमतिपत्रं सोबत जोडली आहेत’ हे वाक्य घालाच. बहुतेक वेळा पहिला प्रश्न हाच येतो.

इतर मुलांचे चेहरे फ्रेममध्ये येणार नाहीत, बाकं होती तशी लावू आणि फिल्म कुठेही टाकण्याआधी तुम्हाला दाखवू, हेही लिहा. पत्र किमान दहा दिवस आधी द्या. सोबतच्या बाईंची सही मात्र आधीच घ्या.