नव्या भाडेकरूच्या हाती किल्लीसोबत काय द्यावं? घराची माहिती लिहिण्याची रीत

भाडेकरू राहायला आला की पहिल्या आठवड्यात घरमालकाला येणारे फोन बहुतेक पाण्याचेच असतात. पाणी कधी येतं, मोटर कुठली, टाकी का भरली नाही. कचरा, गिझर, गॅस यांचे प्रश्न त्यानंतर येतात. म्हणून घराची माहिती लिहिताना निम्मा कागद पाण्याला द्या आणि उरलेल्या निम्म्यात बाकी सगळं बसवा. दोन पानांवर जाऊ नका, कारण लांबलचक कागद कुणी वाचत नाही.

उदाहरणासाठी कोल्हापुरातल्या सानेगुरुजी वसाहतीतलं एक बैठं घर घेऊ. खाली २००० लिटरचा हौद, गच्चीवर १००० लिटरची टाकी, मध्ये अर्ध्या एचपीची मोटर. मालक पुण्यात राहतात, त्यामुळे कागद वाचून घर चालवता आलं पाहिजे.

आधी मोजा, मग लिहा

कोल्हापुरात पाण्याची वेळ भागानुसार आणि गल्लीनुसारही बदलते. शेजारच्या गल्लीतली वेळ ऐकून कागदावर उतरवू नका. सलग तीन पाळ्या स्वतः पाहा किंवा शेजाऱ्यांना पाहायला सांगा: पाणी किती वाजता सुटलं, दाब कधी चांगला होता, कधी बंद झालं. मग मोटर लावून रिकामी टाकी भरायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून मोजा. या घरी पंचवीस मिनिटं लागली असं धरू.

चार माणसांच्या घरात माणशी दिवसाला १३५ लिटर धरले, तर ५४० लिटर लागतात. म्हणजे वरची टाकी दोन दिवसही पुरत नाही आणि भरलेला हौद जेमतेम साडेतीन दिवस. हा हिशेब कागदावर एका ओळीत द्याच. एखादी पाळी चुकली तर घाबरायचं की नाही, हे भाडेकरूला त्यावरूनच कळतं.

आता पाण्याचा मजकूर असा लिहा:

"नमस्कार, घरात आपलं स्वागत. नळाला एक दिवसाआड, सकाळी साधारण साडेपाच ते सात पाणी असतं. ते आपोआप हौदात पडतं. हौद भरला की बॉलकॉक बंद होतो. मोटरचं बटण जिन्याखाली आहे. टाकी रिकामी असेल तर मोटर पंचवीस मिनिटं चालवा आणि मोबाईलवर गजर लावा. गच्चीवरच्या पाइपमधून पाणी बाहेर पडू लागलं तर लगेच बंद करा. मोटर लावण्याआधी हौदाचं झाकण उघडून पाणी एक फुटाच्या वर आहे ना, ते बघा, आणि झाकण परत घट्ट बसवा."

या शेवटच्या वाक्यांना कारण आहे. हौद कोरडा असताना मोटर चालली की आतलं सील तापून जळतं, आणि मग मोटरच्या मधल्या भागातून पाणी गळायला लागतं. मोटर हवा धरते तेव्हाही तेच होतं. ओळखायचं असं: आवाज रोजच्यापेक्षा हलका आणि मोकळा येतो, पण टाकीत पाणी पडल्याचा आवाज मिनिटभरात येत नाही. अशा वेळी मोटर बंद करून तिचा मेन स्विचही बंद करावा, वरचा प्लग पान्याने उघडून तोंडापर्यंत पाणी ओतावं, प्लग घट्ट लावून मग पुन्हा सुरू करावी. हे दर दोन-चार दिवसांनी करावं लागत असेल तर हौदातल्या पाइपच्या तळाशी असलेला फूटव्हॉल्व्ह पाणी धरत नाही. तिथे प्लंबरच लागतो.

पाणी आलंच नाही तर काय करायचं, तेही लिहा. आधी शेजाऱ्यांना विचारायचं. त्यांच्याकडेही नसेल तर अडचण पुरवठ्याची आहे, भागात पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याला किंवा महापालिकेच्या पाणीपुरवठा कार्यालयाला विचारायचं. त्यांच्याकडे असेल आणि आपल्याकडे नसेल, तर मीटरजवळची चावी आणि बॉलकॉक तपासायचा. नळाला थेट मोटर जोडू नका, हेही स्पष्ट लिहा. ते बेकायदेशीर आहे आणि महापालिका मोटर जप्त करते.

पावसाळ्याची ओळ

ही ओळ कोल्हापूरच्या घरात विसरू नये. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि शहराचा पुरवठा काही दिवस बंद पडला. म्हणजे घर उंचावर असलं, अंगणात थेंब आला नसला, तरी नळ कोरडा पडू शकतो. कागदावर इतकंच लिहा: "पातळी ३९ फुटांवर गेल्याचं कळलं की हौद, टाकी, पिंप सगळं भरून ठेवा आणि कपडे धुणं थांबवा." पूर येणाऱ्या भागात घर असेल, तर मोटर आणि मीटरचा मेन स्विच कुठे आहे ते इथेच सांगा.

कचरा

घंटागाडीची अचूक वेळ देऊ नका, "साधारण साडेसात ते साडेआठ" असं लिहा. ओला आणि सुका कचरा दोन वेगळ्या डब्यांत. पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वेगळे, फुटलेली काच खोक्यात घालून वर "काच" लिहून. पिशवी रात्री फाटकाबाहेर ठेवली की सकाळी कुत्र्यांनी गल्लीभर पसरलेली असते, आणि पहिली तक्रार शेजाऱ्यांची येते. रविवारी मटण शिजणार हे गृहीत धरून हाडांसाठी झाकणाचा डबा घरातच ठेवून द्या. सांगण्यापेक्षा डबा ठेवणं बरं.

उपकरणं

फ्रिज कसा चालवायचा हे लिहायची गरज नाही. जिथे धोका आहे तेवढंच लिहा. बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर: "खिडकी उघडी असल्याशिवाय गिझर लावू नका. बादली भरून घ्या, गिझर बंद करा, मग आंघोळ करा." बंद खोलीत त्याच्या ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, त्यामुळे माणूस बेशुद्ध पडेपर्यंत कळत नाही. विजेचा गिझर असेल तर फक्त जाड पिनेच्या सॉकेटलाच लावायचा. विजेच्या पेटीतल्या प्रत्येक बटणाखाली "हॉल", "मोटर", "गिझर" अशा चिठ्ठ्या चिकटवा. एखादं बटण वर करताच पुन्हा पडत असेल तर ते दाबून धरायचं नाही, त्या लाइनवरची उपकरणं काढून इलेक्ट्रिशियनला बोलवायचं.

फोन नंबर

हे वेगळ्या कार्डावर, मोठ्या अक्षरात, स्वयंपाकघराच्या दाराच्या आत लावा. पोलीस आणि कुठलीही तातडी ११२, अग्निशमन १०१, रुग्णवाहिका १०८, गॅस गळती १९०६, वीज गेल्यास महावितरण १९१२. त्याखाली मालक, जवळचे एक शेजारी, प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि गॅस एजन्सी. शेजाऱ्यांना आधी विचारून घ्या. कार्डावर घराचा पूर्ण पत्ता आणि जवळची खूण लिहाच, कारण नवा माणूस घाईत "सानेगुरुजी वसाहत" इतकंच सांगतो आणि गाडी भलत्याच गल्लीत फिरत राहते.

गॅसचा वास आला तर करायच्या गोष्टी क्रमाने, नंबरच्या वरच लिहा: रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, दिव्याच्या किंवा पंख्याच्या कुठल्याही बटणाला हात लावू नका, बाहेर जाऊन फोन करा.

कागदाच्या तळाशी तारीख टाका. पाण्याची वेळ बदलली की नवा कागद छापा आणि त्याचा फोटो भाडेकरूला मोबाईलवर पाठवा.