ओटीएसचं पत्र आलं? पैसे भरण्याआधी या चुका टाळा

थकलेलं कर्ज ठरावीक कमी रकमेत मिटवायची बँकेसोबतची तडजोड म्हणजे ओटीएस. "साडेचार लाखांत मिटतंय" एवढं ऐकलं की माणूस पत्र पुढे वाचतच नाही. माझ्या ओळखीच्या एका दुकानदाराचं असंच झालं.

त्यांची थकबाकी होती 8,40,000 रुपये आणि तडजोड ठरली 4,50,000 वर. 45,000 त्यांनी आधीच भरले होते. उरलेले 4,05,000 तीन समान हप्त्यांत, शेवटची तारीख 31 ऑगस्ट. तिसऱ्या हप्त्याचा चेक त्यांनी 30 तारखेला दिला, पण पैसे कर्जखात्यात जमा झाले 2 सप्टेंबरला. पत्रात अट होती: ठरल्या तारखेपर्यंत रक्कम जमा न झाल्यास सवलत रद्द, आणि भरलेले पैसे मूळ थकबाकीत वळते होतील. म्हणजे साडेचार लाख भरूनही 3,90,000 डोक्यावर राहिले, शिवाय व्याज सुरूच.

म्हणून तारखेची अट आधी वाचा. 'भरणा' म्हणजे चेक देणं की खात्यात जमा होणं, हे बँकेकडून लेखी घ्या. शेवटचा हप्ता चार-पाच दिवस आधी एनईएफटी किंवा आरटीजीएसने भरा आणि त्या व्यवहाराचा यूटीआर नंबर जपून ठेवा. पैशांची सोय होत नसेल तर तारीख उलटण्याआधीच मुदतवाढीचा अर्ज देऊन पोच घ्या. बँक मुदतवाढ देईलच असं नाही, आणि कोर्टाकडून ती मिळेल यावर तर विसंबूच नका. ओटीएसची मुदत हायकोर्टाने वाढवून देणं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये चुकीचं ठरवलं आहे.

रकमेत फसगत होते ती आधी भरलेल्या पैशांवरून. ते 45,000 साडेचार लाखांत धरलेत की वेगळे, हे पत्रात स्पष्ट हवं. वसुली अधिकाऱ्याने फोनवर "धरलेत हो" म्हटलं, त्याला काही अर्थ नाही.

माफीचंही तसंच. 'व्याजात सूट' असं मोघम लिहिलेलं असेल तर दंडव्याज, वकिलाची फी आणि जप्तीचा खर्च नंतर मागितला जाऊ शकतो. 'या कर्जखात्याची संपूर्ण येणे बाकी' असे शब्द मागा आणि खाते क्रमांक ताडून पाहा. त्याच बँकेचं क्रेडिट कार्ड थकलं असेल तर ते यात आपोआप येत नाही. जामीनदाराची सुटकाही वेगळी लिहून घ्या, कारण नोटीस त्याच्याही घरी जाते.

खातं बंद करण्याच्या अटींत नो ड्यूज सर्टिफिकेट, दावा मागे घेणं आणि मिळकतीवरचा बोजा उतरवणं, हे तिन्ही असू द्या. घरकर्जासारखं वैयक्तिक कर्ज पूर्ण फिटल्यावर किंवा तडजोडीने मिटल्यावर 30 दिवसांत मिळकतीची मूळ कागदपत्रं परत द्यावीत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई मिळते.

सिबिलमध्ये मात्र खातं 'क्लोज्ड' नव्हे, 'सेटल्ड' दिसेल. लवकरच घरासाठी कर्ज काढायचं असेल, तर तडजोडीचा आकडा मान्य करण्याआधीच त्याचा विचार करा.