‘संस्कृतीकरण’ कोणाचं? पहिला लघुप्रबंध लिहिणाऱ्यांसाठी

पुण्यात समाजशास्त्राच्या एम.ए.च्या मुलांचे लघुप्रबंध मी गेली काही वर्षं वाचते आहे. त्यांत एक वाक्य हमखास भेटतं: ‘या गावातील अमुक समाजाचे संस्कृतीकरण झाले आहे.’ ना नाव, ना साल. मुलांना विचारलं की म्हणतात, ‘मॅडम, हे तर सगळेच वापरतात.’ सगळे वापरतात हे खरंच आहे, पण म्हणूनच हा शब्द वापरताना जास्त काळजी घ्यायला हवी.

ही संकल्पना समाजशास्त्रात मांडली एम. एन. श्रीनिवास यांनी, १९५२ च्या कूर्गवरच्या पुस्तकात. तिथे त्यांचं म्हणणं असं होतं, की खालची मानली गेलेली जात मांस आणि दारू सोडते, विधी आणि देवदेवता ब्राह्मणांच्या वळणावर नेते आणि एकदोन पिढ्यांत वरचं स्थान मिळवू शकते. पुढे १९६६ च्या ‘सोशल चेंज इन मॉडर्न इंडिया’मध्ये त्यांनी स्वतःच ही व्याख्या रुंदावली. आपण ब्राह्मणी नमुन्यावर वाजवीपेक्षा जास्त भर दिला आणि क्षत्रिय, वैश्य वगैरे नमुने दुर्लक्षिले, असं त्यांनी तिथे स्पष्ट लिहिलं. क्षत्रिय नमुन्याकडे मानवशास्त्रज्ञ पोकॉक यांनी लक्ष वेधल्याचाही उल्लेख केला. स्वतःच्याच संकल्पनेत झालेल्या बदलाचं श्रेय दुसऱ्याला कसं द्यावं, हे शिकायला मला ती पानं फार आवडतात.

आता मावळातलं एक गाव कल्पनेत घ्या. तिथल्या एका समाजाने आडनावं बदलली, क्षत्रिय कुळाचा दावा सांगायला सुरुवात केली, लग्नात तलवार आणि फेटे आले. पण मटण सुटलेलं नाही. याला संस्कृतीकरण म्हणायचं का? १९५२ ची मांडणी धरली तर हे उदाहरण तिच्यात नीट बसत नाही. १९६६ ची धरली तर सहज बसतं. म्हणजे नाव आणि साल गाळलं की तुमच्या निष्कर्षाला आधारच उरत नाही. तोंडी परीक्षेत ‘हे लोक मांस खातात, मग संस्कृतीकरण कसं?’ असा प्रश्न आला की मुलं अडखळतात ती इथेच.

दुरुस्ती अशी: ‘श्रीनिवास (१९६६) यांनी क्षत्रिय नमुन्याचा समावेश करून संस्कृतीकरणाची जी विस्तारित संकल्पना मांडली, तिच्या आधारे या समाजातील बदल मी पाहते आहे.’ पहिल्या उल्लेखाला एवढं लिहिलं की पुढे तो शब्द मोकळेपणाने वापरा. दर परिच्छेदात श्रीनिवास नकोत. पुन्हा नाव घ्यायचं ते व्याख्येशी तुमचं पटत नसेल तेव्हा, किंवा दुसऱ्या अभ्यासकाची व्याख्या शेजारी ठेवायची असेल तेव्हा.

मग कुठल्या शब्दाला श्रेय द्यायचं? मी स्वतःला विचारते: ‘म्हणजे कोणाच्या अर्थाने?’ हा प्रश्न या शब्दाला विचारता येतो का? ‘स्थलांतर’, ‘कुटुंब’ या शब्दांना बहुतेक वेळा तो लागत नाही. ‘प्रभुत्वशाली जात’ म्हटलं की लागतो, कारण संख्या, जमीन, राजकीय ताकद यांपैकी नेमकं काय धरायचं हे श्रीनिवासांनी घातलेल्या निकषांवर ठरतं.

नाव देतानाही ते ऐकीव नको. पर्यावरणावर लिहिणारी मुलं ‘इकोसिस्टिम पीपल’, म्हणजे आसपासच्या निसर्गावरच जगणारे लोक, ही संज्ञा सर्रास माधव गाडगीळ आणि रामचंद्र गुहा यांच्या नावावर टाकतात, कारण आपल्याकडे ती त्यांच्या पुस्तकांतून पोचली. मूळ संज्ञा पर्यावरणशास्त्रज्ञ रेमंड डॅसमन यांची. गाडगीळ-गुहांनी ती त्यांच्याकडून घेतली आणि भारतातल्या परिस्थितीसाठी तिच्या जोडीला स्वतःचे वर्ग मांडले. तेव्हा ज्या पुस्तकात शब्द भेटला, त्याच्या तळटिपा आणि संदर्भसूची आधी उघडा. तिथे जुनं नाव दिसलं तर ग्रंथालयातून ते लेखन काढून वाचा. मिळालंच नाही, तर ‘डॅसमन यांची संज्ञा, गाडगीळ आणि गुहा यांच्या आधारे’ असं प्रामाणिकपणे लिहा. न वाचलेलं पुस्तक वाचल्यासारखं सूचीत घालू नका.

साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या भरवशावर तर अजिबात राहू नका. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत सामान्य संज्ञा आणि सलग १४ शब्दांपर्यंतचं योगायोगाने आलेलं साम्य मोजणीतून वगळलेलं आहे. त्यामुळे एकटा ‘संस्कृतीकरण’ हा शब्द अहवालात कधीच लाल होणार नाही. पण त्याच नियमांत वाङ्मयचौर्याच्या व्याख्येत दुसऱ्याच्या कामाबरोबर दुसऱ्याची कल्पनाही येते. अहवालाचा आकडा कमी आला म्हणून निश्चिंत झालेल्या मुलांना मी एक काम सांगते: छापील प्रत घ्या, प्रत्येक संकल्पनेच्या पहिल्या उल्लेखाखाली पेन्सिलीने रेघ मारा आणि समासात कोणाची, कोणत्या सालची, एवढं लिहा. जिथे समास कोरा राहील, ते पान घेऊन मार्गदर्शकांकडे जा.